वास्तुशांतीचं आमंत्रण ऑफिसातल्या अबोल मंडळींना कसं द्यावं?

प्रश्न: पिंपरीत नवा फ्लॅट घेतलाय. वास्तुशांत शनिवारी २१ तारखेला आहे. ऑफिसातल्या सोळा जणांना संध्याकाळी घरी बोलवायचंय. त्यातले तीन-चार जण फारच अबोल आहेत, टीम लंचलाही येत नाहीत. एक मुलगी तर दोन महिन्यांपूर्वीच रुजू झालीय. ग्रुपवर एकच मेसेज टाकला तर ते येणारच नाहीत असं वाटतं. काय लिहू, म्हणजे त्यांनाही मोकळेपणाने यावंसं वाटेल?

उत्तर:

ग्रुपवर एक मेसेज टाका आणि त्या तीन-चार जणांना दुसऱ्या दिवशी वेगवेगळा, छोटा निरोप पाठवा. गोडवा घालायच्या आधी ग्रुपच्या मेसेजमध्ये माहिती भरा. मी मनुष्यबळ विभागात काम करते. ऑफिसातल्या लोकांच्या घरची आमंत्रणं मी भरपूर वाचली आहेत, अनेकांना लिहूनही दिली आहेत. अबोल माणूस येतो की नाही, हे आग्रह किती केला यावर फारसं ठरत नाही. तिथे गेल्यावर आपण काय करायचं, याचं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं की तो येतो. बोलक्या माणसाला त्या चित्राची गरज नसते. तो दारातून आत शिरतो, जो दिसेल त्याच्याशी बोलायला लागतो आणि बाकीचं आपोआप होतं. अबोल माणसाच्या मनात मात्र आमंत्रण वाचल्याक्षणी प्रश्न सुरू होतात. नेमकं किती वाजता जायचं? मीच पहिली पोचले तर? घरी कोण कोण असेल? पूजा चालू असताना मला काही करावं लागेल का? काय घेऊन जायचं? आणि जेवल्याबरोबर निघाले तर बरं दिसेल का? यांतल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर 'जरा बरं वाटत नाहीये' हा सोपा मार्ग उरतो.

आधी नेहमीचा मेसेज कसा असतो ते पाहू:

'नमस्कार! आमच्या नूतन वास्तूची वास्तुशांत व श्री सत्यनारायण महापूजा शनिवार दि. २१ रोजी आयोजित केली आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा. वेळ: सकाळी ९ पासून आपल्या आगमनापर्यंत. सगळ्यांनी यायचंच, कारणं चालणार नाहीत! 🙏'

नातेवाइकांसाठी हा मजकूर उत्तम आहे. त्यांना रीत माहीत असते आणि 'कारणं चालणार नाहीत' यातलं प्रेमही कळतं. तुमच्या नव्या सहकारी मुलीला मात्र यातली जवळजवळ प्रत्येक ओळ अडवते. 'सहकुटुंब' वाचून, आईवडील गावी आणि मी पुण्यात पीजीत, मग एकटीने जायचं का, असं तिला वाटतं. 'आगमनापर्यंत' ही वेळ यजमानाच्या बाजूने उदार असली, तरी कधी जायचं हे ठरवण्याचा सगळा भार पाहुण्यावर टाकते. सकाळी गेलं तर पूजा चालू असणार, दुपारी गेलं तर पंगत. शेवटच्या वाक्याने तर नाही म्हणायची वाटच बंद होते. अबोल माणसाला नाही म्हणता येत नसेल, तर तो हो म्हणतो आणि येत नाही. मग सोमवारी तुमच्या नजरेला नजर देणंही त्याला जड जातं.

म्हणून पहिला निर्णय मेसेजच्या बाहेरचा आहे. पूजा आणि सहकाऱ्यांचं येणं वेगळं करा. वास्तुशांत, होम, सत्यनारायण हे सगळं सकाळी घरच्यांत होऊ द्या आणि ऑफिसच्यांना संध्याकाळी बोलवा. तुम्ही तसंच ठरवलंय, ते चांगलं आहे. पण ते मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. टीममध्ये मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध सहकारी असतात, तमिळ किंवा बिहारी असतात, देवधर्म न मानणारेही असतात. चौरंगासमोर उभं राहिल्यावर हात जोडायचे का, तीर्थ कोणत्या हातात घ्यायचं, दक्षिणा ठेवायची का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं आणि सगळ्यांदेखत विचारवत नाही. 'पूजा सकाळी आटोपलेली असेल, प्रसादाचा शिरा टेबलावर ठेवलेला असेल' एवढं लिहिलं की हा प्रश्न मिटतो. ज्याला घ्यायचा तो घेईल.

याच्याच जोडीची एक नाजूक गोष्ट. संध्याकाळी सहकारी आल्यावर निघताना बायकांना हळदीकुंकू लावायची अनेक घरांत पद्धत आहे. ऑफिसच्या मंडळींत ती टाळा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एखाद्या सहकारी बाईचा नवरा गेलेला असतो, एखादी घटस्फोटित असते, आणि ऑफिसात ते सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. करंडा घेऊन कुणी समोर आलं की तिला त्या क्षणी चारचौघांत काहीतरी ठरवावं लागतं. असा अनुभव एकदा आला की ती पुढच्या कुठल्याच घरी जात नाही. सासूबाईंशी किंवा आईशी आदल्या दिवशीच याबद्दल बोलून ठेवा, कारण ऐनवेळी त्या प्रेमानेच करंडा काढतील.

आता ग्रुपवरचा मेसेज. मी असा लिहीन:

'नमस्कार मंडळी,

शनिवारी २१ तारखेला आमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. पूजा सकाळी घरच्यांत होईल. आपल्या टीमला मी संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात घर बघायला आणि जेवायला बोलावतेय.

त्या वेळी आपली टीम आणि माझ्या घरचे पाच जण एवढेच असू. बाकीचे पाहुणे दुपारीच गेलेले असतील. खेळ, भाषणं, ओळख परेड असं काही नाही. आल्यावर चहा, मग पावणेसातपासून जेवण: मसालेभात, पुरी-भाजी, मठ्ठा, जिलबी. सगळं शाकाहारी आहे. ताट आपलं आपण वाढून घ्यायचं आणि कुठेही बसायचं. काही खात नसाल किंवा उपास असेल तर मला एकटीला कळवा, म्हणजे तशी सोय करता येईल.

एकटे या, घरच्यांना घेऊन या किंवा मित्रमैत्रिणीबरोबर या. अर्धा तास बसून चहा घेऊन निघालात तरी मला छान वाटेल.

भेटवस्तू नको. ऑफिसात वर्गणीही काढू नका, तसं मी अमोलला सांगून ठेवलंय.

पत्ता: (सोसायटीचं नाव), बी विंग, ७०४. संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. गेटवर फक्त "बी ७०४" सांगा, सगळ्यांची नावं आधीच दिलेली असतील. लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडचं दार, ते उघडंच असेल.

येणार की नाही ते बुधवारपर्यंत मला वैयक्तिक मेसेजवर सांगा. जमणार नसेल तर "नाही जमणार" एवढंच पुरे, कारण सांगायची गरज नाही. नंतर कधीतरी सवडीने या.'

लांब वाटेल. पण फोनवर हा मजकूर मिनिटभरात वाचून होतो आणि यातली एकही ओळ शोभेची नाही. बोलके लोक तारीख, वेळ, पत्ता एवढंच वाचतील. बाकीच्या ओळी ज्यांच्यासाठी आहेत ते त्या दोनदा वाचतील.

काही ओळींबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुम्ही तुमच्या शब्दांत लिहाल तेव्हा त्या गळू नयेत.

'अर्धा तास बसून निघालात तरी' ही ओळ सगळ्यांत मोलाची. आपल्याकडे पाहुणा उठला की यजमान 'बसा हो, एवढी काय घाई' म्हणतोच. अबोल माणूस त्या आग्रहापुढे हरतो आणि मनात नसताना तासभर बसतो. म्हणून त्याला निघण्याची परवानगी घरातून निघण्याआधीच हवी असते. ही ओळ वाचून लोक लवकर निघून जातील अशी भीती बाळगू नका. केव्हाही उठता येईल हे माहीत असलेला माणूस निवांत बसतो आणि बहुतेक वेळा जेवूनच जातो. फक्त लिहिलेलं पाळायचं. ती नवी मुलगी उठली की आग्रह न करता, 'आलीस, छान वाटलं' म्हणून लिफ्टपर्यंत सोडायला जा.

'घरचे पाच जण' हा आकडा मुद्दाम आहे. अनोळखी किती आणि ओळखीचे किती, हे कळल्यावर माणसाचा अंदाज बसतो. तुमच्याकडे त्या वेळी वीस नातेवाईक राहणार असतील तर तेही खरं लिहा. 'आपलीच माणसं आहेत' असं लिहिलं आणि आत खचाखच हॉल दिसला, तर दारातूनच परत फिरावंसं वाटतं.

गेटची ओळ लोक विसरतात. हल्ली बऱ्याच सोसायट्यांत सुरक्षारक्षक नाव विचारतो, अ‍ॅपवरून वर विचारणा पाठवतो, आणि तुम्ही त्याच वेळी कढई उतरवत असल्यामुळे फोन बघत नाही. बोलका माणूस तुम्हाला तीन फोन लावतो. अबोल माणूस गेटबाहेर पाच मिनिटं उभा राहतो आणि मग 'ट्रॅफिकमध्ये अडकलो' असा मेसेज टाकून परत जातो. सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये पाहुण्यांची नावं आधी टाकता येत असतील तर शुक्रवारी रात्रीच टाका. नाहीतर सोळा नावांची हाताने लिहिलेली यादी गेटवर द्या आणि संध्याकाळची पाळी बदलल्यावर ती पुढच्या माणसाकडे गेलीय ना, हे पाहा. मॅपची खूण सोसायटीच्या मुख्य गेटवर पडते की मागच्या भिंतीवर, तेही एकदा स्वतः तपासा.

भेटवस्तूंचं. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ पत्रिकेवर इतकी छापली जाते की ती कुणी खरी धरत नाही. आहेर नाही म्हणतात पण सगळे नेतात, हेच सगळ्यांना माहीत असतं. त्यात ऑफिसात कुणीतरी उत्साहाने प्रत्येकी तीनशे-पाचशे गोळा करायला निघतो. नव्या मुलीचा पगार बेताचा, आणि नाही कसं म्हणायचं हे तिला कळत नाही. म्हणून नुसतं नको म्हणू नका. वर्गणी कोण काढतो हे तुम्हाला माहीतच असेल, त्याच्याशी आधी बोला आणि बोललात हे मेसेजमध्ये लिहा. (अमोल हे नाव मी उदाहरणासाठी घेतलंय.) तरीही कुणी रोप किंवा मिठाई आणली तर कौतुकाने घ्या. मात्र सगळ्यांसमोर उघडू नका, कारण रिकाम्या हाताने आलेल्या माणसाने तुमचा शब्द खरा मानलेला असतो.

वैयक्तिक उत्तर मागणंही तितकंच महत्त्वाचं. ग्रुपवर 'कोण कोण येणार?' असं विचारलं की आधी चार जण 'नक्की!!' टाकतात, मग फुलांचे आणि टाळ्यांचे इमोजी, आणि त्यानंतर गप्प राहिलेल्यांची शांतता सगळ्यांना दिसायला लागते. पोल टाकला तर कुणी काय निवडलं तेही उघड होतं. अबोल माणूस इतरांचं बघून 'हो' दाबतो किंवा काहीच दाबत नाही. दोन्हीतून तुम्हाला जेवणाचा अंदाज मिळत नाही.

आता ते तीन-चार निरोप. हे ग्रुपच्या मेसेजनंतर दुसऱ्या दिवशी जावेत, लगेच पाठोपाठ नकोत. प्रत्येकाचा मजकूर वेगळा हवा, कारण एकाच साच्यातला निरोप दोघांनी एकमेकांना दाखवला की त्याचा अर्थच संपतो. नव्या मुलीला मी असं लिहीन:

'शनिवारचा मेसेज पाहिलास ना? तू आलीस तर मला खरंच आवडेल. वैशाली तुझ्याच बाजूला, काळेवाडीत राहते. ती साडेपाचला निघणार आहे, मी विचारलं तर म्हणाली सोबत येऊ. तिचा नंबर तुझ्याकडे आहेच. दुसरं काही ठरलं असेल तर तेही चालेल, सोमवारी डब्यात जिलबी आणीन.'

इथे खरं काम सोबतीचं आहे. दारातून एकटीने आत शिरण्याचे ते दोन मिनिट सगळ्यांत अवघड असतात, ते सोबतीने सरतात. मात्र वैशालीला आधी विचारलेलं असलं पाहिजे, आणि तिला 'तिची काळजी घे' असं सांगायचं नाही. फक्त 'तुम्ही दोघी एकाच बाजूच्या, एकत्र याल का' एवढंच. सोबत म्हणून टीममधली सर्वांत बोलकी व्यक्ती निवडू नका. ती आत येताच चार घोळक्यांत फिरेल आणि हिला दारात सोडून देईल. शांत, पण घरात सहज वावरणारी व्यक्ती निवडा.

ज्याला सोबत जुळवून देता येत नाही, त्याला वेळ द्या. 'पावणेसहाला येशील का? तेव्हा गर्दी नसेल, घर निवांत दाखवता येईल' असं लिहा. शेवटी जाण्यापेक्षा सुरुवातीला येणं अबोल माणसाला सोपं जातं. भरलेल्या खोलीत सगळ्या माना एकदम वळतात. सुरुवातीला आलं की एकेक माणूस त्याच्या समोर येत जातो. पण ही वेळ दोघातिघांनाच द्या आणि त्या वेळी तुम्ही स्वतः तयार असा. पावणेसहाला यजमानीण आंघोळीला गेलेली आणि पाहुणा सोफ्यावर अनोळखी सासऱ्यांसमोर, असं होऊ देऊ नका.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला हाताला काम लागलं की बरं वाटतं. अशा माणसाला एखादं छोटं, खरं काम मागा. 'तुझ्या फोनमधली जुनी गाणी लावशील का, स्पीकर आहे' किंवा 'येताना स्टेशनजवळून बर्फाची एक पिशवी आणशील? पैसे मी देते.' काम खरं असावं, दहा-पंधरा मिनिटांत संपणारं असावं आणि त्यासाठी सगळ्यांसमोर उभं राहावं लागू नये. ताटं वाढायला लावू नका, तो मग संध्याकाळभर वाढपीच होऊन बसतो.

निरोप ज्या भाषेत लिहायचा ती भाषा म्हणजे तुम्ही त्या माणसाशी ऑफिसात रोज बोलता ती. तमिळ सहकाऱ्याशी हिंदी-इंग्रजीत बोलत असाल तर त्याच मिश्रणात लिहा. ग्रुपवर अमराठी लोक असतील तर तो मेसेजही सगळ्यांना कळेल अशा भाषेत हवा. मराठी मेसेजखाली त्याचंच दोन ओळींचं भाषांतर टाकलं की त्या दोन ओळींत गेटची, जेवणाची, निघण्याची माहिती राहून जाते, आणि ती ज्याला हवी त्यालाच मिळत नाही.

काय लिहू नये तेही सांगते. 'लाजू नकोस', 'संकोच करू नकोस', 'तू नेहमी गप्प असतोस, या वेळी तरी ये' हे शब्द कितीही प्रेमाने लिहिले तरी माणसाला त्याच्या अबोलपणावर बोट ठेवल्यासारखे लागतात. शिवाय तो आल्यावर सगळे आपल्याकडे बघत असतील, असं त्याला वाटत राहतं. 'तुझ्याशिवाय मजा नाही' हेही नको, ते खरं नाही हे त्याला माहीत असतं. 'तू आलीस तर मला आवडेल' एवढं साधं वाक्य पुरतं, कारण ते खरं असतं.

तुम्ही टीम लीड असाल तर आणखी एक काळजी घ्या. वरच्या माणसाचं आमंत्रण खालच्याला हुकमासारखं वाटतं. तेव्हा निरोप एकदाच पाठवा. उत्तर आलं नाही तर बुधवारी त्याच्या टेबलाशी जाऊन विचारू नका. गुरुवारी फार तर 'जेवणाचा आकडा सांगायचाय म्हणून विचारतेय, नाही म्हणालास तरी काहीच हरकत नाही' एवढं लिहा आणि तिथे थांबा. स्वयंपाक सांगताना अशा न कळवलेल्यांसाठी दोन-तीन ताटं जास्तीची धरा. ऐनवेळी मनाची तयारी होऊन आलेल्याला 'अरे, तू कळवलं नव्हतंस' हे ऐकावं लागू नये.

आदल्या दिवशी ग्रुपवर आठवण करा, पण नावांची यादी टाकू नका. 'उद्या साडेपाचपासून. बी ७०४. दार उघडंच असेल' एवढं पुरे. आणि दार खरोखर उघडं ठेवा. बेल वाजवून, दार कोण उघडणार याची वाट बघत उभं राहणं टळतं. दारापाशी तुमच्या घरचं कुणीतरी असू द्या, ज्याला टीममधली नावं माहीत आहेत. शुक्रवारी रात्री ग्रुपमधला एखादा फोटो दाखवून ती नावं घरच्यांना सांगून ठेवा. 'तू ती नवीन आलेली ना, ये' यापेक्षा तिच्या नावाने 'ये' म्हटलं की ती बरोबर ठिकाणी आल्याची तिची खात्री पटते. चपला कुठे काढायच्या आणि बाथरूम कुठे, हे तिने विचारण्याआधी सांगा.

फोटोंचंही ठरवून ठेवा. ग्रुप फोटो काढायचा तर जेवणाच्या आधी, एकदाच, आणि ज्याला नको त्याला बाजूला राहू द्या. जेवतानाचे, घास तोंडात असतानाचे फोटो रात्री ग्रुपवर टाकू नका. रविवारी ज्यांना निरोप पाठवले होते त्यांना एकेक ओळ लिहा. आलेल्यांना तिथे घडलेलं काहीतरी नेमकं, म्हणजे 'तू लावलेली गाणी बाबांना फार आवडली' असं. न आलेल्यांना काही लिहू नका, सोमवारी डब्यातली जिलबी द्या.